एका संशोधन-निवेदनाचा मसुदा

डॉक्टरेटचा प्रबंध सादर करून पुढील दोन-तीन वर्षांसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला अर्जासोबत जे दोन पानांचे संशोधन-निवेदन जोडावे लागते, त्यात तीन बाबींचा खुलासा अपेक्षित असतो : आजवर काय केले, पुढे काय करावयाचे आहे, आणि ते याच प्रयोगशाळेत का करावयाचे आहे. मागणी तीन कलमांत केलेली असल्यामुळे बहुतेक उमेदवार उत्तरही तीन कलमांत देतात, आणि पहिल्या कलमातील हकिकतीचा दुसऱ्यातील संकल्पाशी, अथवा दुसऱ्यातील संकल्पाचा तिसऱ्यातील विनंतीशी कार्यकारणाचा काही संबंध आहे, असे वाचणाऱ्याला कोठेही जाणवत नाही. असाच एक मसुदा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाठविला होता. माझी भाची बंगळूरला स्वतःची प्रयोगशाळा चालविते आणि असले अर्ज तिच्या टेबलावर वर्षभर येत असतात. सुट्टीसाठी ती पुण्यास आली असता तो मसुदा आम्ही दोघांनी मिळून वाचला. आमची मते जुळली नाहीत. ती कोठे व का जुळली नाहीत हे सांगितल्याने असे निवेदन लिहिणाऱ्याला काही उपयोग होईल, या समजुतीने तो संवाद येथे देत आहे.

विषय थोडक्यात सांगितला पाहिजे. क्षयरोगावर पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने दोन औषधे, असा सहा महिन्यांचा जो प्रचलित उपचार आहे, तो इतका लांबण्याचे एक कारण असे मानले जाते, की औषधाने बहुसंख्य जीवाणू लवकर मरत असले तरी थोडे चिवट जीवाणू मागे राहतात. हे चिवट जीवाणू औषधाला प्रतिरोध करणारे नव्हेत. त्यांना पुन्हा वाढवून पुन्हा तेच औषध दिले तर त्यांची प्रजा पहिल्याप्रमाणेच मरते. जोसेफ बिगर याने 1944 साली पेनिसिलिनच्या संदर्भात या प्रकाराला ‘पर्सिस्टर’ असे नाव दिले. उमेदवार मुलीने मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या, क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या पण सहसा रोग न करणाऱ्या जीवाणूवर रिफाम्पिसिन या औषधाचा परिणाम पाच वर्षे अभ्यासला होता, आणि आता तिला युरोपातील एका अशा प्रयोगशाळेत जावयाचे होते, जेथे सूक्ष्म नलिकांत एकेक जीवाणू अडकवून त्याची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिवसच्या दिवस पाहिली जाते.

भाची : मामा, पहिला परिच्छेद सरळ काढून टाका. क्षयाने जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मरतात हे ज्यांना ती लिहिते आहे त्यांना तिच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मी अर्ज उघडते तेव्हा आधी निवेदनाच्या पहिल्या पाच-सहा ओळी वाचते आणि मग एकदम शेवटचा, आमच्या प्रयोगशाळेविषयीचा परिच्छेद वाचते. त्या दोहोंत एकच प्रश्न दिसला तरच मधला मजकूर सावकाश वाचते. म्हणून माझे म्हणणे, प्रारंभ पुढच्या प्रश्नाने व्हावा. गतकार्य प्रबंधात आहे, प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आहे. त्याला येथे अर्धे पान पुरे.

मी : पहिला परिच्छेद काढण्याला माझी हरकत नाही, पण गतकार्याला अर्धे पान पुरे हे मला मान्य नाही. पुढच्या प्रश्नाने प्रारंभ करणारे निवेदन कोणीही लिहू शकतो, कारण प्रश्न सुचण्यास बुद्धी लागते, हात लागत नाहीत. या मुलीला हात आहेत की नाहीत हे तिच्या गतकार्यातूनच कळणार. तिने काय लिहिले आहे ते पाहा : “रिफाम्पिसिनच्या संपर्कात 24 तास राहिलेल्या संवर्धात दहा हजारांत एक या प्रमाणात पर्सिस्टर आढळले, आणि एक विशिष्ट जनुक काढून टाकल्यास हे प्रमाण दहापट घटते.” यात 24 तासच का, असा प्रश्न तुला पडला नाही?

भाची : पडला. त्याचे उत्तर तिने दिलेले नाही, एवढेच.

मी : त्या चोवीस तासांतच तिच्या पाच वर्षांचे सार आहे. मी तिला फोनवर विचारले तेव्हा तिने जे सांगितले ते असे. दर मिलिलिटरला दहा कोटी जीवाणू असलेल्या संवर्धात औषध घातले, की त्या दहा कोटींत आधीपासूनच एखादा खरोखर प्रतिरोधक जीवाणू असतो, कारण रिफाम्पिसिनला प्रतिरोध देणारे उत्परिवर्तन साधारण दहा कोटींत एक अशा प्रमाणात आपोआप घडत असते. बाकीचे मरत असताना हा एकटा वाढत राहतो आणि तीन तासांनी दुप्पट होतो. चोवीस तासांत आठ वेळा दुप्पट झाला म्हणजे एकाचे 256 होतात. त्या वेळी दहा कोटींपैकी चिवट राहिलेले दहा हजार असतात, तेव्हा हे 256 त्यांत अल्पसंख्य ठरतात. पण अठ्ठेचाळीस तास थांबलीस तर सोळा वेळा दुप्पट होऊन त्या एकाचे 65 हजारांवर होतात, आणि मग बशीवर उगवलेल्या वसाहती मोजताना आपण पर्सिस्टर मोजतो आहोत असे समजून बहुतांशी प्रतिरोधक मोजत असतो. तिच्या सुरुवातीच्या आकड्यांत दुसऱ्या दिवसानंतर जिवंत जीवाणूंची संख्या पुन्हा चढू लागली होती, त्यावरून तिला हे उमगले. तेव्हापासून ती चोवीस तासांवर थांबते आणि उगवलेली प्रत्येक वसाहत औषध घातलेल्या बशीवर पुन्हा टेकवून पाहते. तेथे उगवली तर ती मोजणीतून वगळते. हे सारे तिने मसुद्यात “योग्य त्या नियंत्रणांसह” या तीन शब्दांत गुंडाळले आहे.

भाचीने मसुदा पुन्हा वाचला. तिचा मुद्दा पूर्णपणे सुटला नव्हता; पण गतकार्याच्या परिच्छेदात निष्कर्षांची यादी देण्याऐवजी एका निर्णयाची हकिकत द्यावी, आणि तो निर्णय कोणत्या आकड्यांवरून घेतला ते सांगावे, यावर आम्ही दोघे आलो. तीन निबंधांचे सारांश देऊन जे सिद्ध होत नाही ते या चोवीस तासांच्या खुलाशाने सिद्ध होते. एक लहान बाब तिने आणखी काढली, आणि ती मला सुचली नव्हती : मसुद्यात सर्वत्र “आम्ही” आहे. जनुक काढलेला वाण उमेदवार मुलीच्या आधीच्या एका विद्यार्थ्याने तयार केला होता, मोजणी आणि विश्लेषण तिचे. हे एका वाक्यात स्पष्ट लिहिल्याने श्रेय उणे होत नाही, आणि पुढे मार्गदर्शकाचे शिफारसपत्र वेगळे काही सांगू लागले तर जो संशय उत्पन्न होतो तो टळतो.

मी : आता तिने मर्यादाही लिहावी, असे माझे मत आहे. बशीवरील वसाहती एवढेच सांगतात की औषधानंतर कोण पुन्हा वाढू शकला. तो जीवाणू औषध येण्यापूर्वीच मंद होता, की औषध आल्यावर मंद झाला, हे वसाहत मोजून कधीही कळणार नाही, कारण मोजणी सुरू होते तेव्हा तो प्रसंग होऊन गेलेला असतो. पाच वर्षांच्या पद्धतीने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला, हे तिने उघड म्हणावे.

भाची : उघड म्हणावे, पण कबुलीजबाब म्हणून नव्हे. तुमच्या पिढीतले लोक मर्यादा शेवटी, एका वेगळ्या परिच्छेदात, नम्रतेने लिहीत. येथे तीच मर्यादा पुढच्या संकल्पाचे पहिले वाक्य झाली पाहिजे. “वसाहतींची मोजणी हे सांगू शकत नाही; म्हणून औषधापूर्वीपासून एकेक जीवाणू पाहणे आवश्यक आहे.” हे लिहिले की त्या प्रयोगशाळेचे नाव न घेताही तेथे का जायचे ते सिद्ध होते. नाहीतर तिने शेवटी काय लिहिले आहे पाहा : आपली प्रयोगशाळा जगद्विख्यात आहे, आपल्या मार्गदर्शनाखाली काम करणे हे माझे स्वप्न आहे. हा मजकूर नाव बदलून कोणत्याही प्रयोगशाळेला पाठविता येईल, आणि वाचणाऱ्याला ते तत्काळ कळते.

येथे मला तिच्याशी वाद घालण्याचे कारण नव्हते. परंतु मसुद्यातील पुढच्या संकल्पाचा परिच्छेद वाचून मला समाधान वाटले होते, आणि तेथेच तिने अशी एक गोष्ट दाखविली की माझे समाधान टिकले नाही. मुलीने लिहिले होते की ती सूक्ष्म नलिकांच्या यंत्रात जीवाणू ठेवील, रिफाम्पिसिन सोडील, आणि जे वाचतील त्यांचा औषधापूर्वीचा इतिहास चित्रीकरणातून मागे जाऊन पाहील.

भाची : एका प्रयोगात किती जीवाणू पाहता येतील असे तिने धरले आहे?

मी : ते लिहिलेले नाही.

भाची : दोन हजार धरू या, कारण प्रत्येकाचा तासन्‌तास पाठलाग करावयाचा आणि त्यांच्या वंशाची नोंद ठेवावयाची आहे. वाचणारे दहा हजारांत एक. म्हणजे एका प्रयोगात सरासरी एक-पंचमांश पर्सिस्टर. एक पर्सिस्टर दिसण्यासाठी पाच प्रयोग करावे लागतील, आणि एकावरून काहीही म्हणता येणार नाही. निदान पन्नास पाहिजेत, तर अडीचशे प्रयोग झाले. ज्याच्याकडे ते यंत्र आहे तो हा हिशोब डोक्यातल्या डोक्यात करील आणि पुढे वाचणार नाही. मामा, संकल्प मोठा आहे की लहान याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. तिने हा गुणाकार केला आहे की नाही, यावरून मी तिला पारखते.

मी : मग संवर्ध जुना होऊ द्यावा. वाढ थांबलेल्या संवर्धात वाचणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ जास्त असते.

भाची : असते, आणि शंभरात एक वाचला तर दोन हजारांत वीस मिळतील. पण मग प्रश्नच बदलला. जुन्या संवर्धातले बहुतेक सारे आधीच मंद असतात. वाढत्या संवर्धातला तो एकच का वाचतो, हे तिला विचारायचे आहे. उत्तर सोपे व्हावे म्हणून प्रश्न बदलणे हा संकल्पातला सर्वांत सामान्य दोष आहे, आणि तो लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

यावर पुष्कळ वेळ गेला. मार्ग निघाला तो मुलीच्याच गतकार्यातून, आणि तो निघाल्यावर मला वाटले की निवेदनाचे तिन्ही भाग एकमेकांना बांधले जातात ते असेच. तिच्याकडे एक असा वाण होता की ज्यात रायबोसोम तयार करणाऱ्या जनुकाच्या हुकमावर एक प्रकाशणारे आणि लवकर नष्ट होणारे प्रथिन तयार होते. जीवाणू जोमाने वाढत असला तर उजळ दिसतो, मंद असला तर फिका. अशा खुणेचा वापर इतरांनीही केला आहे, तेव्हा त्यात नावीन्याचा दावा नाही. पण पेशी निवडणाऱ्या यंत्रातून हा संवर्ध सोडून सर्वांत फिके एक टक्का जीवाणू आधीच वेगळे काढले, आणि समजा एकूण पर्सिस्टरांपैकी निम्मे त्या एक टक्क्यातच निघाले, तर त्या निवडक गटात प्रमाण दोनशेत एक होते. मग दोन हजारांत दहा पर्सिस्टर दिसतात आणि पाच प्रयोगांत पन्नास होतात. आणि निवडूनही प्रमाण वाढले नाही तर? तर औषधापूर्वीची मंदता, निदान या खुणेने दिसते ती, वाचण्याचे कारण नाही असा निष्कर्ष निघतो, आणि तोही प्रसिद्ध करण्याजोगा आहे. भाचीने मुलीला लिहून पाठविण्यासाठी हाच मजकूर काढला, आणि दोन्ही फलितांचा अर्थ आधीच लिहिण्याचा आग्रह धरला.

मी : याच प्रयोगशाळेत का, या शेवटच्या परिच्छेदात आता काय राहिले?

भाची : खरे कारण. 2013 साली वाकामोतो, मॅकिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जीवाणूवर एकेक पेशी पाहून दाखविले की आयसोनायझिड या औषधातून कोण वाचतो हे त्याच्या वाढीच्या वेगावरून ठरत नाही. ते औषध सक्रिय करणारे कॅटजी हे एन्झाइम त्या पेशीत मधून मधून, झटक्याझटक्याने तयार होते, आणि त्यावर वाचणे-मरणे अवलंबून असते. आयसोनायझिडला पेशीत जाऊन सक्रिय व्हावे लागते. रिफाम्पिसिनला तसे व्हावे लागत नाही. ते थेट आरएनए पॉलिमरेजला चिकटते. म्हणजे कॅटजीचे ते स्पष्टीकरण रिफाम्पिसिनला लागू पडणार नाही, हे उघड आहे, आणि मग रिफाम्पिसिनमधून वाचणाऱ्याचे कारण काय, हा प्रश्न एकेक पेशी पाहणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारात उभा आहे. तिने लिहावे की तुमची पद्धत आणि माझे औषध. स्तुतीचे एकही विशेषण नको.

मी : आणि ती त्यांना काय देणार, हेही लिहावे. या कुळातील जीवाणू मेणचट आवरणामुळे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. गुठळी नलिकेच्या तोंडाशी अडकली की प्रयोग तेथेच संपतो. माध्यमात ट्वीन-80 घालून, संवर्ध गाळून, एकेक पेशी सुटी करण्याचा तिचा सराव आहे, आणि सुटी झाली की नाही हे ती प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. शिवाय प्रतिरोधक आणि चिवट यांची फारकत करण्याची तिची रीत. प्रतिमांचे विश्लेषण आणि नलिकांचे यंत्र तिला येत नाही. तेही लिहावे, कारण शिकण्यासाठीच ती जाते आहे.

भाची : लिहावे. पण क्षयाच्या खऱ्या जंतूवर दुसऱ्या वर्षी काम करीन, हे जे तिने शेवटी घातले आहे ते मला पटत नाही. तो जंतू दुप्पट व्हायला वीस तासांहून अधिक घेतो. तीन तासांत दुप्पट होणाऱ्यावर जो प्रयोग दोन दिवसांचा, तो तेथे दोन आठवड्यांचा होईल, आणि उच्च जैवसुरक्षेच्या कक्षात हे यंत्र बसविण्याची सोय यजमानाकडे आहे की नाही हे तिने पाहिलेले नाही. एक तर पाहून लिहावे, नाहीतर वगळावे.

मी : वगळू नये. क्षयाच्या जंतूपर्यंत जाण्याची इच्छा नसेल तर सारा खटाटोप कशासाठी? निवडीची पायरी स्मेग्मॅटिसवर सिद्ध झाल्यासच, आणि सुरक्षित कक्षाची सोय असल्यासच, असे अटीसह लिहावे.

या मुद्द्यावर आम्ही शेवटपर्यंत दोन बाजूंना राहिलो. तिच्या मते अटींनी भरलेले वाक्य वाचणाऱ्याला दुबळे वाटते आणि दोन पानांत प्रत्येक ओळीची किंमत असते; माझ्या मते अट लिहिण्यात दुबळेपणा नसून कामाची माहिती आहे, आणि ज्या वाचकाला ती दुबळी वाटते त्याच्याकडे जाऊन तरी काय मिळणार? दुसरा मतभेद स्वतंत्र वृत्तीविषयी होता. पोस्टडॉकनंतर आपली प्रयोगशाळा उभारताना कोणता प्रश्न बरोबर नेता येईल, हे निवेदनात सूचित करावे काय? तिचे म्हणणे पडले की करावे, कारण जो उमेदवार केवळ यजमानाचेच काम पुढे नेतो तो पुढे यजमानाचा प्रतिस्पर्धी तरी होतो किंवा कायमचा मदतनीस तरी. आणि ही गोष्ट आधीच मोकळेपणी ठरलेली बरी. मला ते पहिल्या अर्जात घालणे घाईचे वाटले. मुलाखतीत बोलावे, लेखी नको. तिने मानले नाही, आणि अलीकडच्या काळात निवड करणाऱ्यांची अपेक्षा तिला माझ्याहून अधिक ठाऊक असल्यामुळे मी तो मुद्दा उमेदवार मुलीवर सोपविला.

राहिला प्रश्न वेळेचा. फिके जीवाणू वेगळे काढल्यावर त्यांत पर्सिस्टर खरोखरच वाढतात काय, हे पाहण्यास परदेशी जाण्याची गरज नव्हती; पेशी निवडण्याचे यंत्र तिच्या संस्थेतच होते, औषधासाठी एक दिवस, वसाहती उगवण्यासाठी तीन-चार दिवस, म्हणजे एका आठवड्याचे काम. मी म्हणालो, प्रयोग करून मगच अर्ज पाठवावा. भाची म्हणाली, संकल्प म्हणजे संकल्पच. हिशोब मांडला आहे एवढे पुरे, आणि घाईघाईत एकदाच केलेला प्रयोग निवेदनात घालणे धोक्याचे. मुलीला दोन्ही मते कळविली. तिने यंत्राची पाळी मागितली, ती तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तेव्हा अर्ज हिशोबासह आणि प्रयोगाशिवाय पाठविण्याचे तिने ठरविले, सुरक्षित कक्षाविषयी यजमानाला एक स्वतंत्र पत्र लिहिले, आणि प्रकाशणारा वाण अद्याप प्रसिद्ध झालेला नसल्याने त्याचा उल्लेख करण्यास मार्गदर्शकाची लेखी संमती मागितली. संमती येईपर्यंत मसुद्यातील ते वाक्य तिने कंसात ठेवले आहे.